‘जीव घेईन तुझा 😂’ हे इंग्रजीत कसं न्यायचं?

‘परत चुकीची फाईल लावलीस तर जीव घेईन तुझा 🔪😂’ हे वाक्य मराठी माणसानं वाचलं की त्याला पोलीस आठवत नाहीत. दोन जुने दोस्त आहेत, एकानं मागे कधीतरी घोळ घातला आहे, दुसरा त्याला दम देतो आहे आणि दोघंही हसत आहेत, एवढं सगळं त्याला एका नजरेत कळतं. हेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत न्या आणि मराठीचा गंध नसलेल्या एखाद्या अधिकाऱ्यापुढे ठेवा. त्याला दिसते जिवे मारण्याची धमकी, शेजारी सुरी आणि वर हसणारा माणूस. हसऱ्या चेहऱ्यानं त्याच्या मनातला संशय कमी होत नाही, उलट वाढतो.

गप्पांच्या स्क्रीनशॉटचं भाषांतर हे आता किरकोळ काम राहिलेलं नाही. कंपनीच्या अंतर्गत चौकशीत, घटस्फोटाच्या दाव्यात, पैशांच्या वादात व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून जोडले जातात. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयात मराठी चालते, पण उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत होतं. कंपनीची शाखा पुण्यात आणि एचआर विभाग दुसऱ्याच राज्यात, हेही नेहमीचंच. मग भाषांतरकाराच्या टेबलावर टाइप केलेला अर्ज येत नाही. येतात फोनची चित्रं: अर्धवट शब्द, रोमन लिपीतली मराठी, मध्येच हिंदी, मध्येच इंग्रजी आणि ओळीओळीला इमोजी.

अशा मजकुराचं शब्दशः भाषांतर फक्त कोरडं होतं, असा एक समज आहे. माझ्या मते त्याचा खरा दोष वेगळा आहे. ते दोन्ही दिशांना चुकतं. थट्टेची धमकी करतं आणि अपमानाचा शिष्टाचार करतं. पहिली चूक चटकन लक्षात येते, कारण ती आरडाओरडा करते. दुसरी शांतपणे निसटून जाते, आणि तिचं नुकसान जास्त असतं.

हे नीट दिसावं म्हणून एक संभाषण घेऊ. ते मी उदाहरणासाठी रचलं आहे, पण यातली प्रत्येक ओळ आज कुठल्याही कार्यालयाच्या ग्रुपवर सापडेल. पुण्यातली एक लहान टीम आहे. अ हा कोल्हापूरचा तरुण, ब हा त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, क ही नुकतीच रुजू झालेली मुलगी आणि ड हे पन्नाशीला आलेले टीमप्रमुख. मूळ मजकूर रोमन अक्षरांत टाइप केलेला आहे. इथं तो देवनागरीत देतो.

९:१२ ब: भावा उद्याचा डेमो?
९:१२ अ: विषयच हार्ड 🔥🔥
९:१३ ब: परत चुकीची फाईल लावलीस तर जीव घेईन तुझा 🔪😂
९:१३ अ: 💀💀
९:१४ क: सॉरी, मागच्या वेळी फाईल माझ्याकडून गेली होती 😅
९:२१ ब: नाही नाही, तुम्ही मॅडम, तुमच्याकडून चूक कशी होईल 🙏🙂
(या ओळीखाली अ ची 😂 अशी प्रतिक्रिया)
९:४० क: ओके.
९:५२ ड: 👍

क नं तक्रार केली आहे की ग्रुपवर तिची खिल्ली उडवली जाते. पुराव्यासाठी तिनं हा स्क्रीनशॉट दिला. चौकशी समितीकडे त्याचं शब्दशः इंग्रजी भाषांतर गेलं आणि समितीनं लाल खूण केली ती ९:१३ च्या ओळीवर. ९:२१ च्या ओळीवर कुणी थांबलंच नाही, कारण इंग्रजीत ती अशी उतरली होती: नाही, नाही, आपण बाईसाहेब आहात, आपल्याकडून चूक कशी होईल, आणि पुढे जोडलेले हात. परक्या वाचकाला वाटलं, माणूस नम्रपणे समजूत काढतो आहे. तक्रार ज्या ओळीची होती ती ओळ भाषांतरात सौजन्य बनून बसली.

आता हेच काम नीट करायचं तर सुरुवात शब्दांपासून करून चालत नाही. आधी चित्र वाचावं लागतं. स्क्रीनशॉट कुणाच्या फोनवरचा आहे हे पहिलं पाहायचं. व्हॉट्सॲपवर फोनमालकाचे स्वतःचे संदेश उजवीकडे येतात आणि इतरांचे डावीकडे. इथं क चे संदेश उजवीकडे असतील तर हा तिचा फोन. मग इतरांची नावं तिनं सेव्ह केली तशी दिसणार, हेही ओघानं आलं. एखाद्याचं नाव फोनमध्ये ‘डोकेदुखी’ असं साठवलेलं असेल, तर ते ग्रुपमधल्या सगळ्यांनी दिलेलं टोपणनाव नव्हे, ते एकटीचं मत आहे. भाषांतरकारानं हे नोंदवलं नाही तर वाचणारा भलताच अर्थ काढतो.

त्यानंतर बारीक खुणा. एखादा संदेश दुसऱ्या संदेशाला उत्तर म्हणून लिहिला असेल तर वर मूळ संदेशाची चौकट दिसते. ती नसेल तर तो नेमका कुणाला उद्देशून आहे हे गृहीत धरता येत नाही. ‘संपादित’ अशी खूण असेल तर पहिला मजकूर वेगळा होता. हटवलेल्या संदेशाची जागा दिसत असेल तर तीही भाषांतरात आली पाहिजे, कारण ९:१४ आणि ९:२१ च्या मध्ये काही पुसलं गेलं असेल तर पुढच्या ओळीचा सूरच बदलतो. आणि वेळ. आपल्या नमुन्यात पहिल्या चार ओळी दोन मिनिटांच्या आत पडल्या आहेत, चेंडू इकडून तिकडे जावा तशा. क ची कबुली आल्यावर सात मिनिटं शांतता. त्यानंतर ब चं ते अतिविनम्र वाक्य. क चं उत्तर आणखी एकोणीस मिनिटांनी. घड्याळ एकट्यानं काही सिद्ध करत नाही. माणूस जेवायला बसला असेल. पण लय मोडली आहे, हे नोंदवायचं.

यानंतर लिपी. रोमन अक्षरांतल्या मराठीत ऱ्हस्वदीर्घ नसतं, न आणि ण यांत, ल आणि ळ यांत फरक नसतो. बी-ए-आर-ए अशी चार अक्षरं म्हणजे ‘बरा’, ‘बारा’ किंवा ‘बरं’ यांतलं काहीही. त्यापुढे १० हा आकडा आणि ‘ला येतो’ असं असेल तर माणूस ‘बरं, दहाला येतो’ म्हणतोय की ‘बारा दहाला येतो’ म्हणतोय, हे फक्त पुढचामागचा मजकूर सांगेल. म्हणून अनुभवी भाषांतरकार थेट इंग्रजीत उडी मारत नाहीत. आधी मूळ ओळी देवनागरीत उतरवून घेतात. तिथं शंका राहिली तर ती तिथंच दिसते. थेट इंग्रजी केलं की शंकेचा मागमूसही उरत नाही आणि एक चुकीचा अर्थ ठाम होऊन बसतो.

आता ओळींकडे येऊ. ‘विषयच हार्ड’ याचं इंग्रजीत ‘सब्जेक्ट अवघड आहे’ असं झालं तर अर्थ नेमका उलटा होतो. समितीला वाटेल, अ ला उद्याच्या कामाची भीती वाटते आहे. प्रत्यक्षात तो म्हणतोय की तयारी जबरदस्त आहे, बघतच राहाल. कोल्हापूरकडचा हा वाक्प्रचार रील्समुळे आता राज्यभर पोचला आहे, पण साठीच्या पुणेकर भाषांतरकाराला तो ठाऊक असेलच असं नाही. बोली आणि वय या दोन्ही अंगांनी माहिती नसेल तर विचारायचं, तेही त्याच भागातल्या आणि त्याच वयाच्या माणसाला. शब्दकोशात हे सापडत नाही. ‘च्यायला’ या शब्दाचं मूळ शोधत गेलं तर शिवी निघते, पण आज निम्म्या महाराष्ट्रात तो आश्चर्याचा उद्गार आहे. ‘लेका’ हा शब्द दोस्ताला लावला की माया असते आणि अनोळखी माणसाला लावला की भांडण.

‘जीव घेईन तुझा’ ला इंग्रजीत पर्याय शोधणं फार अवघड नाही. दोस्ताला गमतीत ठार मारण्याची भाषा इंग्रजीतही आहे, त्यामुळे हीच कल्पना तिथं सहज चालते. घोटाळा होतो तो औपचारिक शब्दांमुळे. ‘मी तुझे प्राण हरण करीन’ अशा वळणाचं इंग्रजी केलं की गंमत मरते आणि फक्त प्राणहरण उरतं. बोलीतलं वाक्य बोलीतच गेलं पाहिजे. मूळ वाक्य सैल असेल तर भाषांतरही सैल हवं, मूळ तुटक असेल तर तेही तुटक. व्याकरण सुधारून देणं हा इथं गुन्हाच आहे, कारण शुद्ध, पूर्ण वाक्य हे चॅटमध्ये रागाचं किंवा दुराव्याचं लक्षण असतं.

सुरीच्या चित्राची एक गंमतशीर नोंद आहे. जगभरच्या फोनमधली अक्षरं आणि चिन्हं ज्या युनिकोड मानकानुसार ठरतात, त्यात या चित्राचं अधिकृत नाव ‘होचो’ आहे, म्हणजे जपानी स्वयंपाकघरातली सुरी. इमोजी जपानमधून आले त्याची ही खूण. १९९९ साली एनटीटी डोकोमो या कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी १७६ छोटी चित्रं तयार केली आणि पुढे २०१० मध्ये इमोजी युनिकोडमध्ये मोठ्या संख्येनं सामील झाले. पण युनिकोड फक्त चिन्हाचा क्रमांक आणि नाव ठरवतं. चित्र कसं काढायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. २०१६ मध्ये ॲपलनं पिस्तुलाच्या जागी पाण्याची पिचकारी आणली आणि इतर कंपन्यांनी तसं करायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात एकानं पिचकारी पाठवली आणि दुसऱ्याला बंदूक दिसली, असं खरोखर घडू शकत होतं. व्हॉट्सॲपवरही अँड्रॉइड फोनवर त्यांची स्वतःची चित्रं दिसतात आणि आयफोनवर ॲपलची. म्हणून जुन्या स्क्रीनशॉटवर काम करताना लिहायचं की हे चित्र पाहणाऱ्याच्या फोनवर असं दिसलं. पाठवणाऱ्यानं काय पाहिलं ते त्या चित्रावरून कळत नाही.

चित्र एकच असलं तरी माणसं सहमत होतात असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लोकांना इमोजी दाखवून त्यांचा भाव विचारला होता. अगदी एकाच कंपनीचं एकच चित्र समोर असतानाही, भाव चांगला, वाईट की मधला, यावर साधारण चारातल्या एका वेळी दोन माणसांचं जमलं नाही.

अ नं पाठवलेली कवटी त्याचंच उदाहरण आहे. पन्नाशीच्या वाचकाला ती मृत्यू किंवा धोका वाटते, आणि वरच्या ‘जीव घेईन’ शी जोडली तर तो घाबरलाय असंच वाटतं. वीस-पंचविशीच्या मुलांच्या लेखी ती म्हणजे ‘हसून हसून मेलो’. मराठीत हा वाक्प्रचार आधीपासून आहे, त्यामुळे आपल्याला तो अर्थ परका नाही. ओक्साबोक्शी रडणारा 😭 चेहरासुद्धा ही मुलं हसण्यासाठी वापरतात. इथं नियम असा की इमोजी भाषांतरात काढून टाकायचा नाही आणि त्याच्या जागी शब्दही घालायचा नाही. तो जसाच्या तसा ठेवायचा आणि शेजारच्या टीपेत लिहायचं: कवटी, या वयोगटात बहुधा हसू, आधीच्या ओळीवरची खेळकर प्रतिक्रिया.

आता ती ९:२१ ची ओळ. या संपूर्ण स्क्रीनशॉटचा जीव इथं आहे. ‘तुम्ही मॅडम, तुमच्याकडून चूक कशी होईल 🙏🙂’ यात एकही वाईट शब्द नाही. मग टोचतं काय? ‘तुम्ही’. ब हा अ ला ‘तू’ म्हणतो. क त्याच्यापेक्षा धाकटी आहे, कामातही नवी आहे. आधीच्या आठवड्यातल्या गप्पा पाहिल्या तर तो तिलाही ‘अगं, ती शीट पाठव’ असंच लिहितो. म्हणजे या दोघांत ‘तू’ चालू होतं. अचानक आलेला ‘तुम्ही’ हा आदर नाही. तो तिला रांगेतून उचलून एकटं उभं करतो. त्यात ‘मॅडम’ भर घालतं. जोडलेले हात मराठी माणूस नमस्काराला वापरतो, आभाराला वापरतो, श्रद्धांजलीला वापरतो, आणि ‘बास, धन्य आहात’ असं सुचवायलाही वापरतो. आधी तिरकं वाक्य असेल तर हा चौथाच अर्थ लागतो. शेवटचा मंद हसणारा चेहरा तरुण पिढीत फारसा प्रेमळ मानला जात नाही. ओठ हसतात, डोळे नाही, असा तो दिसतो. आणि सर्वांत वर, अ ची हसण्याची प्रतिक्रिया. वाक्य खरोखर समजुतीचं असतं तर त्यावर हसू का यावं?

हे सगळं इंग्रजीत कुठं ठेवायचं? तिथं तू आणि तुम्ही दोघांनाही एकच शब्द आहे. मराठीनं दिलेली सगळ्यात मोठी खूण इंग्रजीत येताक्षणी पुसली जाते. इथं दोन वाटा आहेत आणि कुठली घ्यायची हे कामाच्या हेतूवर ठरतं. हेच संभाषण एखाद्या कथेत किंवा वेबमालिकेच्या उपशीर्षकांत असतं, तर मी ‘मॅडम’ च्या जागी ‘युअर हायनेस’ असं काहीतरी घातलं असतं. उपरोध लगेच पोचला असता आणि प्रेक्षकाला टीप वाचावी लागली नसती. पण चौकशीच्या कागदात ते करता येत नाही. मूळ माणसानं ‘महाराणी’ म्हटलेलं नाही. भाषांतरकारानं ते त्याच्या तोंडी घातलं तर उद्या ब चा वकील विचारेल की हा शब्द आला कुठून, आणि त्याचा प्रश्न रास्त असेल. म्हणून तिथं ‘मॅडम’ राहतं, हात राहतात, हसरा चेहरा राहतो आणि टीप येते: मराठीत आदरार्थी आणि एकेरी अशी दोन संबोधनं आहेत, लिहिणारा या व्यक्तीला इतरत्र एकेरी संबोधतो, इथं अचानक आदरार्थी वापरलं आहे, वाक्य, चित्रं आणि खालची प्रतिक्रिया पाहता सूर उपहासाचा वाटतो.

‘वाटतो’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. सूर सांगणं भाषांतरकाराचं काम आहे, हेतू ठरवणं नाही. ब ला तिला दुखवायचं होतं, की मित्राला हसवायचं होतं आणि ती मध्ये सापडली, हे समितीनं त्याला विचारून ठरवायचं. सूर सांगायचा तर तो कशावरून सांगितला हेही लिहायचं, म्हणजे न पटणाऱ्याला ते तपासता येतं. आधार न देता नुसतं ‘उपहासानं’ असं कंसात टाकणारी भाषांतरं पाहिली की मला काळजी वाटते. ती शब्दशः भाषांतराइतकीच धोक्याची आहेत, फक्त त्यांचा कल दुसऱ्या बाजूला असतो.

क च्या ‘ओके.’ मधला पूर्णविराम डोळ्यांत भरतो. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात, पूर्णविरामानं संपणारी एका शब्दाची संदेशातली उत्तरं वाचणाऱ्यांना कमी मनापासून दिलेली वाटली होती. पण तो अभ्यास तिथल्या विद्यार्थ्यांवर, इंग्रजीत झालेला. तो उचलून आपल्या क वर लावता येणार नाही. तिच्यासाठी पुरावा तिच्याच जुन्या संदेशांत शोधायचा. तिथं ती नेहमी पूर्णविराम न देता, एखादा हसरा चेहरा जोडून ‘ओके’ लिहीत असेल, तर हा कोरडा ‘ओके.’ बोलतो. ती प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देणारी असेल, तर त्यातून काहीच निघत नाही. माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्या सवयीशी करायची, हे या कामातलं सगळ्यात भरवशाचं साधन आहे.

ते किती भरवशाचं आहे हे ड च्या अंगठ्यावरून कळतं. टीमप्रमुखानं या सगळ्यानंतर 👍 टाकला. क ला वाटलं, साहेबांनी खिल्लीला मान्यता दिली. अंगठ्याचा अर्थ काय, हा प्रश्न खरोखरच न्यायालयांपुढे आला आहे आणि दोन ठिकाणी त्याची दोन उत्तरं निघाली.

कॅनडातल्या सस्कॅचवन प्रांतात मार्च २०२१ मध्ये धान्य घेणाऱ्या एका कंपनीच्या माणसानं शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला आणि कराराला दुजोरा द्यायला सांगितलं. शेतकऱ्यानं अंगठा पाठवला. नोव्हेंबरमध्ये माल आला नाही. तोवर जवसाचा भाव चढला होता. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे करार मिळाला, एवढंच. न्यायाधीशांनी दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले. पूर्वीच्या करारांना याच शेतकऱ्यानं याच फोनवर ‘ओके’, ‘यप’, ‘लुक्स गुड’ अशी त्रोटक उत्तरं दिली होती आणि त्या वेळी माल मुकाट्यानं पोचवलाही होता. त्या ओळीत हा अंगठा बसवला तर तो होकारच होता. २०२३ मध्ये शेतकऱ्याला ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा आदेश झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं तो कायम ठेवला.

दुसरा अंगठा भारतातला. रेल्वे सुरक्षा दलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका अधिकाऱ्याच्या हत्येची बातमी आली आणि एका जवानानं त्याखाली अंगठा टाकला. त्यानं खुनाचा आनंद साजरा केला असं धरून त्याला नोकरीवरून काढलं. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तो अंगठा म्हणजे संदेश पाहिल्याची पोच आहे, क्रूर हत्येचा जल्लोष म्हणून त्याकडे पाहता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

शब्दकोशात अंगठ्यापुढे ‘संमती’ लिहून ठेवलं असतं तर दुसरा माणूस नोकरीला मुकला असता, आणि ‘पोच’ लिहून ठेवलं असतं तर पहिल्या कंपनीला भरपाई मिळाली नसती. दोन्हीकडे अर्थ ठरला तो आधी काय चाललं होतं यावरून. आपल्या ड चंही तसंच. रजेचा अर्ज असो, वीज गेल्याचा निरोप असो की वाढदिवस, ते प्रत्येक संभाषणाच्या शेवटी अंगठा टाकतात असं जुन्या मजकुरात दिसलं, तर टीपेत लिहायचं: ही व्यक्ती सर्वच संदेशांना हे चिन्ह वापरते, हा अंगठा कुठल्या ओळीला उद्देशून आहे हे स्क्रीनशॉटवरून कळत नाही. त्यांनी खिल्लीकडे काणाडोळा केला का, हा प्रश्न मग भाषांतराचा उरत नाही. तो त्यांनाच विचारायचा.

पूर्ण झालेलं भाषांतर बरोबर उतरलं की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. मराठी न येणाऱ्या एखाद्याला ते वाचायला द्यायचं आणि तीन गोष्टी विचारायच्या: यात कोण कुणाचा मित्र आहे, कोण कुणावर नाराज आहे आणि कुठल्या ओळीवर वातावरण बदललं. हेच प्रश्न मूळ स्क्रीनशॉट दाखवून त्या वयाच्या मराठी माणसाला विचारायचे. आपल्या नमुन्यात मराठी वाचक सांगेल की अ आणि ब मित्र आहेत, क दुखावली आहे आणि वातावरण ९:२१ ला बदललं. इंग्रजी वाचणारा ‘९:१३ ला’ म्हणाला, तर प्रत्येक शब्द अचूक असूनही भाषांतर चुकलं आहे. दोन मराठी वाचकांचीच उत्तरं जुळली नाहीत, तर ती ओळ खरोखरच संदिग्ध आहे. मग दोन्ही अर्थ टीपेत द्यायचे. एक निवडायचा मोह होतो, कारण ग्राहकाला ठाम उत्तर हवं असतं. तो आवरायलाच हवा.

एक मर्यादा मात्र कितीही काळजी घेतली तरी राहते. ब आणि अ यांच्यात ‘चुकीची फाईल’ हा जुना विनोद असू शकतो, ज्याचा क ला पत्ताच नाही. खासगी विनोद स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाहीत. ग्रुपमधल्या कुणीतरी सांगितल्याशिवाय ते भाषांतरकाराला कळत नाहीत, आणि कुणी सांगितलंच तर ती माहिती कुणाकडून आली हे लिहावं लागतं, कारण सांगणाराही वादातला पक्ष असू शकतो.

तुमच्यावर कधी असा स्क्रीनशॉट भाषांतराला द्यायची वेळ आली, तर नेमकी तेवढीच ओळ कापून पाठवू नका. तिच्या वरचे आणि खालचे संदेश, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीनं द्या. त्याच माणसांच्या आधीच्या एखाद्या साध्या, भांडण नसलेल्या दिवसाच्या गप्पाही सोबत द्या. त्यांची रोजची भाषा कळली तरच त्या दिवशीची वेगळी भाषा ओळखता येते. कोण कुणाचं कोण लागतं, वयं साधारण किती, कोण कुठल्या भागातलं, हे दोन ओळींत लिहा. भाषांतरात टीपा आहेत का आणि प्रत्येक टीपेला आधार दिला आहे का, ते पाहून घ्या. आणि मूळ संभाषण फोनमधून पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात अशा नोंदीबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि ज्या फोनवर ती नोंद आहे त्याची माहिती त्यात भरावी लागते.